बंडी, सुट्या बाह्या आणि पाठीवरचे तीन खिसे

२४ नोव्हेंबर, रविवार

आज जाकीट मागच्या चाकात गेलं.

सकाळी सव्वासहाला कोथरूडहून निघाले तेव्हा गॅलरीतला तापमापक ११ अंश दाखवत होता. सासूबाई उठलेल्याच होत्या. "कानटोपी घातलीस का गं?" कानटोपीवर हेल्मेट बसत नाही, पट्टा सैल करावा लागतो आणि मग ते डोक्यावर डुलत राहतं, हे समजावत बसायला वेळ नव्हता. त्यांच्या समाधानासाठी मनालीच्या सहलीला घेतलेलं जाडजूड जाकीट चढवलं. आत सुती टी-शर्ट. फाटकातून बाहेर पडताना अगदी गोधडीत असल्यासारखं वाटत होतं.

खडकवासल्याच्या चौपाटीपर्यंत आत पाणी पाणी झालं. चेन उघडली तर जाकिटात वारा भरून फुगा झाला. काढलं, पण ठेवणार कुठे? सगळे करतात तेच केलं, बाह्यांची कमरेला गाठ मारली. दोणज्याच्या पुढे गाठ सुटली आणि एक बाही मागच्या चाकात शिरून गिअरच्या चकत्यांत अडकली. चाक जाम झालं. चढावर होते, वेग नव्हता, म्हणून नुसता पाय टेकला. हेच उतारावर झालं असतं तर आज ही वही उघडली नसती.

बाही सोडवायला पंधरा मिनिटं लागली. ऊन वर आलं होतं, तरी तेवढ्या वेळात मी ओल्या टी-शर्टात थडथडत उभी. निघाल्यापासूनची सगळ्यात जास्त थंडी वाजली ती तेव्हा, सकाळी साडेसातला, उन्हात.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसआधी तासभर सायकल मारली, तोच टी-शर्ट घालून. जाण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन केलं होतं, १७२ ग्रॅम. आल्यावर २६० भरलं. म्हणजे जवळजवळ अर्धी वाटी पाणी अंगाला चिकटून फिरत होतं.

हे पाणी वाळतं ते माझ्याच अंगातली उष्णता घेऊन. पाय चालू आहेत तोवर ते परवडतं, कारण खाल्लेल्यातला जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचतो आणि उरलेल्याची उष्णताच होते. रमतगमत नव्हे पण दमछाकही नाही अशा वेगात माणूस तीन-चारशे वॉटच्या शेगडीइतका तापतो. मात्र थांबलं किंवा उतार लागला की शेगडी विझते, पाण्याचं वाळणं तसंच चालू राहतं.

खालच्या मजल्यावरच्या काकांना जिन्यात हे सांगितलं. काका ७१ वर्षांचे, खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं सायकलवर गेले. ते हसले. "फाटकाशी जरा कुडकुडायला झालं पाहिजे बघ. फाटकाशी बरं वाटलं तर पुढच्या चौकात घाम येणार."

किती कुडकुडायचं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

१ डिसेंबर, रविवार

सुती टी-शर्ट बाद. आत जाळीचा, कृत्रिम धाग्याचा बनियन घातला, वर सायकलची जर्सी. बनियन नावालाच कपडा, त्यातून पलीकडचं दिसतं. पण जर्सी कातडीला थेट चिकटत नाही आणि घाम बाहेरच्या थरात जाऊन वाळतो. हा बनियन दिवसभर अंगावर राहणार. बाकी सगळं काढता-घालता येईल असं हवं.

वर पावसाळ्यातलं विंडचीटर घेतलं. वारा शंभर टक्के अडला. घामही शंभर टक्के अडला. चांदणी चौकाचा चढ चढून थांबले आणि बाही उलटी करून पाहिली, तर आतून दवाचे थेंब, बंद डब्यातल्या गरम पोळ्यांच्या झाकणाला असतात तसे. पाऊस बाहेर ठेवणारं असलं साधं कापड वाफही बाहेर जाऊ देत नाही. कोरड्या थंडीत त्याचं काम नाही.

मला वारा अडवायचा आहे तो फक्त छातीवर आणि पोटावर. पाठीवर वारा येतोच कुठे?

५ डिसेंबर, गुरुवार

ढगाळ. पहाटे १९ अंश. जमिनीची उष्णता ढगांनी रात्रभर धरून ठेवली. नुसत्या जर्सीत गेले, तेही गरम झालं. आदल्या रात्री कपडे काढून ठेवताना तारीख नाही, आभाळ बघायचं. चांदण्या लख्ख दिसल्या की एक थर जास्त.

९ डिसेंबर, सोमवार

शनिवारी जुन्या पातळ विंडचीटरचं ऑपरेशन करून आणलं. कोपऱ्यावरच्या अल्टरेशनवाल्याने आधी मला दोनदा विचारलं, "ताई, नक्की कापू?" दोन्ही बाह्या खांद्याशी उडवल्या, पाठीचं कापड काढून तिथे मुलीच्या शाळेच्या जुन्या खेळाच्या टी-शर्टाची जाळी लावली आणि काखेत जरा आत घेतलं, नाहीतर वाऱ्याने फडफडतं. दीडशे रुपये. दुकानात याला जिले म्हणतात आणि किंमत ऐकून माणूस जिना उतरतो. आमच्या घरात नाव पडलं बंडी. वजन ८४ ग्रॅम. घडी घालून गुंडाळली की मुठीत मावते.

बंडीच्या चेनचा खालून उघडणारा दुसरा सरकता हवा होता, म्हणजे पोटाकडून हवा घेता आली असती. तो नाही. असो.

आता बाह्या. बाजारात आर्म वॉर्मर मिळतात, पण बरेचसे आतून लव असलेले, युरोपातल्या थंडीसाठी. आपल्याकडे सकाळी ११ आणि दुपारी ३०. लववाल्या बाह्या आठ वाजताच नकोशा होतात आणि खिशात अख्खी मोसंबी ठेवल्यासारख्या फुगतात. मी फुटबॉलचे लांब मोजे घेतले आणि टाचेच्या वर कापले. मोज्याचा रबरी काठ दंडावर, कापलेली कडा दुमडून शिवून मनगटावर. पातळ आहेत. थंडीत वारा थोपवतात आणि दुपारी ओल्या केल्या तर ऊन.

घालण्याचा क्रम आहे. आधी सुट्या बाह्या, मग जर्सी, म्हणजे रबरी काठ जर्सीच्या बाहीखाली लपतो. मधे फट राहिली तर वारा नेमका तिथेच शिरतो. आणि काढताना जर्सीला हात लावावा लागत नाही: काठ पकडायचा, मनगटापर्यंत गुंडाळत आणायचा, झालं. चालत्या सायकलवर एका हाताने जमतं.

माझ्यासाठी हे सोयीपुरतं नाही. सायकलच्या ग्रुपमधले पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहून सरळ जर्सी काढतात, आतला गरम बनियन काढतात, पुन्हा जर्सी चढवतात. मी सासवडच्या स्टँडसमोर ते करणार नाही. त्यामुळे माझा नियम त्यांच्यापेक्षा कडक आहे. जे काढायचं ते सगळं बाहेरच्या बाजूला असलं पाहिजे, आणि हेल्मेट, बूट, जर्सी यांतलं काहीही न काढता निघालं पाहिजे. खांद्यावर पट्टे असलेली सायकलची चड्डीही याच कारणाने मी घेत नाही. सगळे वाखाणतात, पण ती उतरवायची तर आधी जर्सी काढावी लागते, आणि हायवेवरच्या हॉटेलमागच्या मोरीत ती टांगायला खुंटी कुठे शोधायची!

१५ डिसेंबर, रविवार

सिंहगड. कोथरूडमध्ये १० अंश. खडकवासल्याच्या पुढे, जिथे रस्ता खोलगट जातो, तिथे हवा एकदम बर्फासारखी लागली. थंड हवा जड, ती रात्रभर उतारांवरून घरंगळून अशा खळग्यांत साठते. गंमत म्हणजे घाट चढून वर गेल्यावर तेवढी थंडी नव्हती.

गोळेवाडीला चढ सुरू होण्याआधी बंडी काढायची असं ठरवलं होतं. काढली नाही. अंगात शिरशिरी होती, म्हटलं जरा गरम होऊ दे. वनखात्याच्या नाक्यानंतरच्या वळणांवर पाठ भिजली, आणि थांबले तर पुन्हा चढावर पेडल धरणं जड, म्हणून तशीच रेटत गेले. काकांना न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं. थंडी वाजत असतानाच काढायचं. घाम आल्यावर काढणं म्हणजे ओला कपडा वाऱ्याला देणं.

वर मडक्यातलं दही खाल्लं. एका आजोबांनी चुलीशी बसायला जागा दिली. त्यांच्याकडच्या रद्दीतून पेपराची दोन पानं मागून घेतली. काकांची शिकवण: उतरण्याआधी जर्सीच्या आत छातीवर पेपर. युरोपातल्या डोंगरी शर्यतींत खिंडीच्या माथ्यावर उभे असलेले प्रेक्षक सायकलवाल्यांच्या हातात पेपर देत, ते मी पुढे वाचलं. काकांनी मात्र ते कुठे वाचलं नव्हतं, तिसऱ्या पाळीहून परतताना त्यांनी ते शोधून काढलं होतं.

उतार म्हणजे घामेजलेलं अंग, थांबलेले पाय आणि वारा. हवा १० अंशांची असेल आणि ताशी तीसच्या वेगाने उतरलं, तर उघड्या कातडीला ती साडेसहा अंशांसारखी लागते. हे कोरड्या कातडीचं गणित. ओल्या छातीचं याहून वाईट. पेपराने काम चोख केलं. खाली पोचेपर्यंत पानं दमट झाली होती आणि जर्सीच्या आत कुणाच्या तरी लग्नाच्या जाहिरातीची शाई उमटली होती.

वाचनासारखंच पेपराचं हे कामही एकदाच होतं. पण त्याला धुवावं लागत नाही.

गुडघे मात्र उघडे होते आणि उतरल्यावर पहिल्या चढाला उजवा गुडघा कुरकुरला. गुडघ्यावर ना मांस, ना चरबी, आणि वारा बरोबर समोरून. सायकलवाले साधारण पंधरा अंशांच्या खाली गुडघे झाकतात, ते उगाच नव्हे. नी-वॉर्मर आणायचे. हे मात्र विकतचे, कारण मोज्याचा काठ मांडीवर टिकत नाही, पोटरीला बांगडीसारखा येऊन बसतो. करून पाहिलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

रात्री हॉलमध्ये रंगीत तालीम. मुलीने मोबाईलवर वेळ लावली. बंडी काढून घडी करून खिशात, ५० सेकंद. दोन्ही बाह्या, ३५. नी-वॉर्मर बुटावरून ओढून काढायला पावणेदोन मिनिटं, त्यात एकदा तोल जाऊन सोफ्यावर. "आई, तू हे रस्त्यात करणारेस?" रस्त्यात कठड्यावर बसून करणार.

खिशांचा हिशेब लागला. जर्सीला पाठीवर तीन खिसे. मधल्यात बंडी, चपटी घडी करून, कारण ती कण्याशी येते आणि गोळा असेल तर टोचते. डावीकडे बाह्या आणि नी-वॉर्मर. उजवीकडे खाणं, माझा उजवा हात तिकडेच जातो. मोबाईल आणि पैसे पुढच्या छोट्या पिशवीत. बंडी अंगात असली की मागचे खिसे तिच्याखाली दडतात आणि फोनसाठी दर वेळी पाठ चाचपत बसावं लागतं.

जे या तीन खिशांत मावत नाही ते घरी.

२२ डिसेंबर, रविवार

बोपदेव, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ, कात्रज. नव्वदच्या वर किलोमीटर. सगळं लिहून ठेवते.

६.१०, १० अंश. जाळीचा बनियन, जर्सी, सुट्या बाह्या, बंडी, नी-वॉर्मर, पूर्ण बोटांचे हातमोजे, कानांवर पातळ कापडी पट्टी. पट्टी हेल्मेटखाली बसते आणि सासूबाईंना कानटोपीसारखीच दिसते. फाटकाशी दात वाजले नाहीत, पण खांदे वर आले. इतकंच कुडकुडायचं.

स्वारगेट, कोंढवा. येवलेवाडीला, घाट सुरू होण्याच्या आधी, सात वाजता थांबले. अजून ऊन नाही, थांबायची अजिबात इच्छा नाही. बंडी काढली, घडी, मधला खिसा. पहिले शंभर मीटर नको झालं. तिसऱ्या वळणावर बरोबर झालं. बाह्या चालतानाच मनगटापर्यंत गुंडाळल्या.

हातमोजे घाटाच्या मध्यावर नकोसे झाले. तेव्हा आळस केला. थांबून खिशात ठेवण्याऐवजी ते ब्रेकच्या वायरींमध्ये खोचले. माथ्यावर पाहिलं तर एकच, उजवा. मागे वळून शोधायला तेवढा घाट पुन्हा चढावा लागला असता. नाही गेले.

माथ्यावर वारा. श्वास खाली येण्याआधीच बाह्या वर, बंडी पुन्हा अंगात. पाठ ओली होती, पण तिकडे जाळी असल्याने भिवरीपर्यंत वाळलीसुद्धा. घाटात तीच बंडी अंगात ठेवली असती तर सिंहगडाचाच पाठ पुन्हा गिरवला असता.

साडेआठ, सासवड. मिसळ. खाताना बंडी काढली नाही, हे ठरवून. बसलं की अंग निवतं आणि मिसळीची ऊब पोटापलीकडे जात नाही. शेजारच्या टेबलावरचे सायकलवाले नुसत्या भिजलेल्या जर्सीत बसून दुसरा चहा मागवत होते.

निघताना १७ अंश. पायरीवर बसून नी-वॉर्मर काढले. ते ओलसर होते आणि डाव्या खिशात बाह्यांसाठी जागा राखायची म्हणून मी ते उजवीकडे कोंबले. तिथे आईच्या हातच्या खजुराच्या वड्या बटर पेपरात होत्या. नारायणपूरला वड्या खाल्ल्या, तेव्हा त्या खारट लागल्या. पुढच्या वेळी प्लॅस्टिकची छोटी पिशवी, कपड्यांसाठी. खाण्यासाठी नव्हे.

नारायणपूर सोडताना बाह्या उतरवल्या आणि बंडी खिशात. पुढे बालाजीच्या केतकावळ्याकडे उतार आहे, पण सव्वादहा वाजले होते, ऊन अंगावर होतं आणि हवा २३ अंश. बंडी लागली नाही. तिचा उपयोग उतारावर नाही, थंड उतारावर आहे, हे आज कळलं.

कापूरहोळपासून हायवे. खेड शिवापूरला बारा वाजले, २८ अंश. दंड तापायला लागले तशा बाह्या पुन्हा खिशातून काढल्या, बाटलीतल्या पाण्याने भिजवल्या आणि चढवल्या. नोव्हेंबरात ज्या ओल्या कपड्याने थडथड उडवली होती, तोच ओला कपडा कात्रजच्या जुन्या घाटात दुपारी हवाहवासा वाटला. वीस मिनिटांत कोरड्या ठाक. बोगद्याशी पुन्हा भिजवल्या.

दीड वाजता घरी, ३० अंश. मागच्या खिशांत बंडी, नी-वॉर्मर, कानाची पट्टी आणि एक हातमोजा. बाहेरून पाठ जराशी फुगलेली, एवढंच. जर्सी मात्र मागून खाली ओघळली होती. जुन्या जर्सीचं रबर सैल असेल तर भरलेले खिसे झोळीसारखे लोंबतात. नवी घेताना आधी खालचं रबर ओढून बघायचं, मग रंग.

५ जानेवारी, रविवार

काकांना बंडी दाखवली. उलटसुलट करून बघितली, पाठीच्या जाळीतून बोट घातलं. "आमच्या वेळी हे नव्हतं," म्हणाले, आणि मग, "तुझा शिंपी मलाही शिवून देईल का गं?" ते हल्ली सकाळी दूध आणायला सायकलवर जातात.

त्यांचं मला पटलेलं नाही ते एकच: ते अजून आत सुती बनियन घालतात. म्हणतात, दुधापर्यंत घाम येतच नाही. खरं आहे. अर्ध्या तासाच्या आतल्या फेरीला यातलं काहीच लागत नाही, लोकरी स्वेटर घाला आणि जा.

१९ जानेवारी, रविवार

पहाटे १४. नी-वॉर्मर कपाटात गेले. बाह्या दुपारच्या उन्हासाठी चालू राहतील. बंडी खिशात असते, आज सिंहगडाच्या उतारावर फक्त दहा मिनिटं अंगात होती.

फाटलेल्या बाहीचं मनालीचं जाकीट सोसायटीच्या वॉचमनदादांना दिलं, अल्टरेशनवाल्याकडून बाही शिवून. रात्रपाळीला खुर्चीत बसायला ते उत्तम आहे.

बोपदेवच्या घाटात, येवलेवाडीकडून चढताना, डाव्या हाताचा करडा हातमोजा कुणाला दिसला तर तो माझा आहे.